मिडकॅप फंडाचं पत्रक आणि शेजारी निफ्टीचा खांब: ही तुलना धरायची का?

युनिफॉर्मवाली (अक्कलकोट रोड)

नमस्कार मंडळी. आमचं शाळेच्या गणवेशांचं छोटं युनिट आहे. यंदा मोठं बिल वेळेवर मिळालं, हे आमच्या धंद्यात नवलच. त्यातले 3 लाख चार-पाच वर्षं लागणार नाहीत. नवी पेठेतल्या एका वितरकाने घरी येऊन एक चकचकीत पत्रक दिलं. फंडाचं नाव इथे लिहीत नाही, उगाच भांडण नको. नावात मिडकॅप आहे एवढं पुरे.

पत्रकावर वर मोठ्या अक्षरांत "5 वर्षांत 257%". खाली दोन खांब. निळा निफ्टीचा, 10,000 चे 27,355. केशरी फंडाचा, 10,000 चे 35,723. तारखा 31 मार्च 2020 ते 31 मार्च 2025.

आता खरं सांगते. मला खांब बघून कसंतरी झालं, म्हणून कटिंग टेबलावर ठेवून टेप लावली. निळा 1.2 सेंटिमीटर भरला, केशरी 5.4. म्हणजे साडेचार पट. आणि आकडे बघितले तर 27 आणि 35, दीडपटसुद्धा नाही. कापड असं कापलं तर गिऱ्हाईक परत येणार नाही.

दोन प्रश्न. एक, मामंजी म्हणतात 257 भागिले 5, म्हणजे वर्षाला 51 टक्के, डोळे झाकून टाक. बरोबर आहे का? दोन, तुलना निफ्टीशीच करतात का सगळे?

---

पार्कचौक

ताई, टेप लावलीत याबद्दल दंडवत. पट्टी 25,000 पासून सुरू केली असणार. 27,355 वजा 25,000 म्हणजे 2,355, आणि तिकडे 10,723. साडेचार पट बरोबर येतंय. खालचे 25,000 कापून टाकले की ठेंगू आणि उंच तयार.

बाकी माझं मत विचाराल तर निफ्टी, सेन्सेक्स सगळं बाजूला ठेवा. आपला बेंचमार्क, म्हणजे तुलनेची मोजपट्टी, एकच, बँकेची एफडी. तिच्यापेक्षा जास्त मिळालं तर फंड चांगला. संपला विषय.

---

लाल_मिरची_शेंगा

257 चं गणित मामंजींना सांगा, की व्याजावर व्याज धरलं नाही तुम्ही. 35,723 ला वर्षाच्या दराने बसवलं तर 29 टक्के येतात. 51 नाही. (29 पण काही कमी नाहीत म्हणा.)

---

होटगीरोड_अण्णा

मी फंड कंपनीच्या ऑपरेशन्समध्ये बरीच वर्षं काढली. फॅक्टशीटचे, म्हणजे फंडाच्या दर महिन्याच्या माहितीपत्रकाचे, तक्ते तपासणं हेच काम होतं, त्यामुळे हे पत्रक माझ्या ओळखीचं वाटतंय. जरा सविस्तर लिहितो.

आधी तो 27,355. हा आकडा कुठून आला ते आकडाच सांगतो. 31 मार्च 2020 ला निफ्टी 8,597.75 ला बंद झाला होता. 31 मार्च 2025 ला ईदची सुट्टी होती, म्हणून त्याआधीचा बंद भाव 28 मार्चचा, 23,519.35. भागाकार करा, 2.7355 येतो. म्हणजे कुणीतरी मोबाइलवर निफ्टीचे दोन भाव बघून भागाकार केला आहे. हा निफ्टीचा निव्वळ भाव झाला. निफ्टीतल्या पन्नास कंपन्यांनी पाच वर्षं जो लाभांश वाटला तो यात कुठेच नाही.

उलट फंडाकडे लाभांश येतो तो फंडातच राहतो आणि एनएव्हीत, म्हणजे फंडाच्या एका युनिटच्या भावात, मोजला जातो. एकाच्या पगारात भत्ता धरायचा आणि दुसऱ्याचा नुसता मूळ पगार, अशी ही तुलना आहे. म्हणूनच सेबीने 1 फेब्रुवारी 2018 पासून सगळ्या फंडांना टीआरआय लावला, म्हणजे लाभांश धरून काढलेला निर्देशांक. निफ्टीच्या बाबतीत हा फरक वर्षाला सव्वा-दीड टक्क्याचा पडतो. पाच वर्षांत 27,355 चे साधारण 29,000 होतात. फार नाही, पण खांब तेवढा वाढला असता.

मोठी गोम पुढे आहे. नावात मिडकॅप असलेल्या फंडाला किमान 65 टक्के पैसे बाजारमूल्याने 101 ते 250 क्रमांकाच्या कंपन्यांत ठेवावे लागतात. निफ्टी 50 मध्ये यातली साधारण एकही कंपनी नसते. मग ज्या मैदानात तुम्ही खेळतच नाही तिथल्या धावांशी तुलना कशाला? त्याचा बेंचमार्क निफ्टी मिडकॅप 150 टीआरआय किंवा बीएसईचा तसाच निर्देशांक. डिसेंबर 2021 पासून तर प्रत्येक प्रकाराला कुठला पहिला बेंचमार्क लावायचा हे ठरवून दिलेलं आहे, फंड घराण्याला मनाने निवडता येत नाही.

आता ताई, फंडाच्या वेबसाइटवरून मार्च 2025 ची फॅक्टशीट उतरवा आणि परताव्याचा तक्ता काढा. त्यात तीन रकाने सापडतील. पहिला फंड, दुसरा बेंचमार्क, तिसरा "अतिरिक्त बेंचमार्क". शेअरच्या फंडांना तिसऱ्यात निफ्टी 50 किंवा सेन्सेक्सचा टीआरआय द्यावाच लागतो, बाजाराची साधारण कल्पना यावी म्हणून. माझा अंदाज असा, की पत्रकवाल्याने पहिला आणि तिसरा ठेवला आणि मधला खोडला. तिसराही जसाच्या तसा न घेता भावाचा घेतला. मधल्या रकान्यात काय आहे ते इथे लिहा.

---

पार्कचौक

अण्णा, पण एफडीचं काय? मी चुकलो का?

---

होटगीरोड_अण्णा

अर्धे बरोबर आहात मालक. पैसे शेअरमध्ये टाकायचे की बँकेत, या प्रश्नाला एफडीच बेंचमार्क. पण एकदा मिडकॅपमध्ये टाकायचं ठरलं, की पुढचा प्रश्न वेगळा: या मॅनेजरला जी फी देतोय तिचं काही मिळतंय का? मार्च 2020 नंतरची पाच वर्षं धरली तर एफडीला मागे टाकणारा मिडकॅप फंड शोधावा लागत नाही, मागे न टाकणारा शोधावा लागेल. त्यातून मॅनेजरबद्दल काहीच कळत नाही.

---

विजापूररोड_सम्या

मला वाटतं विषय माझ्याच सारखा आहे म्हणून विचारतो. माझी स्मॉलकॅपमध्ये 5,000 ची एसआयपी आहे, दोन वर्षं झाली. फंडाची फॅक्टशीट म्हणते 5 वर्षांत तीसच्या वर. माझं ॲप दाखवतं 11. कोण खोटं बोलतंय बे? कस्टमर केअरला तीनदा फोन केला, प्रत्येक वेळी वेगळं उत्तर.

---

लाल_मिरची_शेंगा

सम्या, तू पाच वर्षांपूर्वी होतास का तिथे? नव्हतास. मग ते तीस तुझे कसे?

---

वितरक_मीपण

मी स्वतः वितरक आहे, सोलापुरातच, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. असं पत्रक घरी छापणं नियमात बसत नाही. फंड कंपन्यांची संघटना एएमएफआय, तिची आचारसंहिता सांगते की फंड घराण्याने दिलेलंच साहित्य वापरा. त्यांच्या साहित्यात मधला रकाना असतोच. पण खरं सांगू का, गिऱ्हाईकासमोर "निफ्टी मिडकॅप 150 टीआरआय" म्हटलं की डोळे जड होतात. निफ्टी म्हटलं की मान डोलते. टीव्हीवर रोज ऐकलेलं असतं ना. त्यामुळे काहीजण सोपं करायला जातात आणि त्यात फंडाचं भलं होतं. सगळेच फसवायला निघालेले नसतात.

---

पार्कचौक

सोपं करताना प्रत्येक वेळी फंडाचंच भलं कसं होतं हो?

---

वितरक_मीपण

🙂 यावर उत्तर नाही.

---

युनिफॉर्मवाली

फॅक्टशीट काढली. पीडीएफ मोबाइलवर वाचताना डोळे गेले, मुलाला लॅपटॉप उघडायला लावला. अण्णा, तीन रकाने आहेत. फंड 29. तिसरा रकाना निफ्टी 50 टीआरआय, 23 च्या पुढे. आणि मधला, निफ्टी मिडकॅप 150 टीआरआय, तीसच्या बराच वर! रुपयांतही दिलंय, 10,000 चे चाळीस हजारांच्या पुढे गेलेत. म्हणजे फंड बेंचमार्कच्या मागे आहे? आणि पत्रकात त्याचा खांब साडेचार पट उंच?

अजून एक. वरती बारीक अक्षरांत लिहिलंय की हे आकडे रेग्युलर प्लॅनचे आहेत.

---

होटगीरोड_अण्णा

होय. त्याच पाच वर्षांत, त्याच प्रकारच्या कंपन्यांच्या नुसत्या यादीने फंडापेक्षा जास्त दिलं. मधला रकाना का गेला ते समजलं असेल.

रेग्युलर प्लॅनमधून वितरकाचं कमिशन जातं, त्यामुळे त्याचा परतावा डायरेक्टपेक्षा, म्हणजे वितरकाशिवाय थेट घेतलेल्या प्लॅनपेक्षा, कमी दिसतो. निर्देशांकाला मात्र कसलाच खर्च नसतो. म्हणून फंडवाले तक्रार करतात की आमची शर्यत भुताशी लावता, त्याला ना फी ना दलाली. तक्रारीत तथ्य आहे. मग माझा उपाय असा: निर्देशांकाऐवजी त्याच मिडकॅप 150 वर चालणारा एखादा इंडेक्स फंड घ्या आणि त्याचा डायरेक्ट प्लॅन तुमच्या फंडाच्या डायरेक्ट प्लॅनशेजारी ठेवा. तो तुम्हाला खरंच विकत घेता येतो, त्याचा खर्च त्याच्या एनएव्हीत आधीच वजा झालेला असतो. यातले बरेच फंड नवे आहेत, पाच वर्षांचा इतिहास मिळेलच असं नाही. जेवढी वर्षं मिळतील तेवढीच दोन्हीकडे धरायची.

---

लाल_मिरची_शेंगा

म्हणजे ताईंनी हा फंड घेऊ नये, इंडेक्स फंड घ्यावा. बेंचमार्कच्या खाली म्हणजे फंड बाद. धागा बंद करा.

---

होटगीरोड_अण्णा

थांबा, एवढी घाई नको. तारखा बघा. 31 मार्च 2020. निफ्टीने कोरोनाचा तळ गाठला 23 मार्चला, 7,610 वर. म्हणजे मोजायला सुरुवात झाली ती विहिरीच्या तळापासून आठच दिवसांनी. तीन महिने मागे सरका. 31 डिसेंबर 2019 ला निफ्टी 12,168 होता आणि 31 डिसेंबर 2024 ला 23,645. वर्षाला साधारण 14 टक्के. मार्च ते मार्च धरलं की 22. निफ्टी तोच, पाच वर्षं तेवढीच, फक्त मोजपट्टी तीन महिने सरकवली.

आणि गंमत अशी की यात नियम कुणी मोडलेला नाही. 1, 3, 5 वर्षं आणि सुरुवातीपासूनचा परतावा द्यावा असा नियमच आहे. मार्च 2025 च्या फॅक्टशीटमध्ये पाच वर्षांची सुरुवात आपोआप तळाशी जाऊन पडली. त्या महिन्यात सगळ्यांचेच आकडे देखणे होते. पत्रकवाल्याने फक्त तो महिना छापायला निवडला.

आता हे फंडालाही लागू होतं. एखादा मॅनेजर सावध असेल, पडझडीत त्याचा फंड कमी घसरत असेल, तर तळापासून मोजल्यावर तो मागेच दिसणार, कारण त्याला उसळायला खोल जागाच नव्हती. म्हणून एका खिडकीतून बघून बाद करू नका. niftyindices.com वर ऐतिहासिक आकड्यांत `Total Returns Index Values` निवडा, मिडकॅप 150 चे डिसेंबर 2019 आणि डिसेंबर 2024 चे आकडे घ्या. फंडाच्या त्याच दोन दिवसांच्या एनएव्ही एएमएफआयच्या साइटवर मिळतात. भागाकार करा. मग दर महिन्याच्या पहिल्या तारखेपासून तीन-तीन वर्षं धरून असेच भागाकार करता येतील, आणि शंभरातून किती वेळा फंड पुढे होता ते मोजता येईल. कंटाळवाणं काम आहे, पण मुलगा लॅपटॉपवर बसलाच आहे तर बसू द्या.

---

विजापूररोड_सम्या

माझं राहिलं ओ.

---

होटगीरोड_अण्णा

सम्या, तुझं ॲप आणि फॅक्टशीट दोघंही खरं बोलतात, पण गोष्टी वेगवेगळ्या सांगतात. फॅक्टशीट म्हणते, पाच वर्षांपूर्वी एकरकमी टाकले असते तर. तुझा पहिला हप्ता दोन वर्षांपूर्वीचा, शेवटचा मागच्या महिन्यातला. त्या शेवटच्याला वाढायला महिनाच मिळाला. ॲप प्रत्येक हप्त्याची तारीख धरून दर काढतं. त्याची तुलना निर्देशांकाच्या एकरकमी दराशी करायची नाही. निर्देशांकातही तुझेच हप्ते, तुझ्याच तारखांना टाकायचे.

एक्सेलमध्ये अ रकान्यात तारखा, ब मध्ये -5000, क मध्ये त्या दिवसाचा स्मॉलकॅप 250 टीआरआय. ड मध्ये काल्पनिक युनिट, D2 चं सूत्र D25 पर्यंत खाली ओढायचं. 24 हप्ते म्हणजे ओळी 2 ते 25. ओळ 26 मध्ये आजची तारीख, आजचा टीआरआय आणि ब मध्ये एकूण युनिट गुणिले आजचा टीआरआय.

```
D2:  =5000/C2
B26: =SUM(D2:D25)*C26
E1:  =XIRR(B2:B26,A2:A26)
```

E1 ला टक्क्यांचं फॉरमॅट लाव आणि तिथे जे येईल त्याच्याशी तुझे 11 ताडून बघ. तो 9 आला तर तुझा फंड बरा चाललाय, 15 आला तर नाही. तीसशी काही संबंध नाही.

---

विजापूररोड_सम्या

टीआरआय सुट्टीच्या दिवशी कुठला घेऊ? माझा हप्ता 5 तारखेला, कधी रविवार येतो.

---

होटगीरोड_अण्णा

फंडाने ज्या दिवशीची एनएव्ही दिली तोच दिवस. ॲपमधल्या व्यवहारांच्या यादीत असतो. 5 तारीख धरून बसू नकोस.

---

जुळेसोलापूर_67

मी पेन्शनर. माझ्याकडे एक फ्लेक्सीकॅप आहे, म्हणजे लहान-मोठ्या कुठल्याही कंपन्यांत पैसे घालणारा फंड, त्यात परदेशी कंपन्यांचे शेअरही आहेत. फॅक्टशीटमध्ये बेंचमार्क निफ्टी 500 टीआरआय. परदेशी कंपन्या निफ्टी 500 मध्ये नसतात ना? मग अण्णांच्याच न्यायाने हा बेंचमार्क चुकीचा नाही का?

---

होटगीरोड_अण्णा

काका, नेमका दुखरा सांधा धरलात. निर्देशांक प्रकारावर ठरलेला आहे, तुमच्या फंडाच्या पोटात काय आहे त्यावर नाही. डॉलर चढला की तो फंड हुशार दिसेल, अमेरिका पडली की मूर्ख दिसेल, आणि दोन्हींत निफ्टी 500 काहीच सांगणार नाही. मी घरच्या हिशेबात 80-20 असा, म्हणजे 80 टक्के देशी आणि 20 टक्के परदेशी, मिसळलेला बेंचमार्क धरायचो, पण फंडाने परदेशी वाटा बदलला की माझा हिशेब पुन्हा चुकायचा.

---

वितरक_मीपण

अण्णा, 80-20 मला पटत नाही. परदेशात पैसे घालायचे हा निर्णयच मॅनेजरचा. तो निर्णय बरोबर की चूक हेच तर निफ्टी 500 मधून मोजलं जातं. बेंचमार्कमध्येच परदेश मिसळलात तर त्याच्या निर्णयाचं श्रेयही गेलं आणि दोषही.

---

होटगीरोड_अण्णा

मुद्दा बिनतोड नाही, पण वजनदार आहे. पेन्शनवर जगणाऱ्या काकांना मात्र मॅनेजरला गुण द्यायचे नाहीत, आपण किती जोखीम घेतोय ते बघायचंय. त्यांच्यासाठी मी 80-20 च धरेन.

---

जुळेसोलापूर_67

तुमचं दोघांचं मिटेपर्यंत मी दोन्ही काढून ठेवतो.

---

युनिफॉर्मवाली

चार दिवसांनी आले. शाळा उघडायच्या आहेत, मशिना रात्री दहापर्यंत चालू आहेत, आणि वर हे ऊन.

मुलाने भागाकार केले. डिसेंबर 2019 पासून धरलं तर फंड आणि मिडकॅप 150 टीआरआय जवळपास बरोबरीत येतात. मार्च 2020 पासून धरलं तर फंड मागे. अण्णा म्हणाले तसंच, मार्च 2020 च्या पडझडीत हा फंड निर्देशांकापेक्षा कमी घसरला होता. तीन-तीन वर्षांचे भागाकार अजून अर्धेच झालेत, त्यात कधी हा पुढे, कधी तो.

वितरक काल परत आला. मी फॅक्टशीटवरचा मधला रकाना पेनाने गोल करून समोर ठेवला आणि म्हटलं, हा खांब पण काढा पत्रकात. तो म्हणाला, "मॅडम, एवढं कोणी बघत नाही." मग चहा पिऊन गेला. पत्रक इथेच विसरलाय, का मुद्दाम ठेवलंय, कोण जाणे.

मामंजी अजून 51 वरच आहेत.

---

लाल_मिरची_शेंगा

मग 3 लाखांचं काय ठरलं ताई?

---

युनिफॉर्मवाली

कापडवाल्याचं बिल आलंय, 70 हजार त्यात जाणार. उरलेले सध्या बँकेतच आहेत. पार्कचौक खूश होतील.

---

पार्कचौक

😄 खूश आहेच. पण ताई, बचत खात्यात नका ठेवू, एफडी तरी करा.